चेहरा ओळखू येईल असा कॅमेरा

किराणा दुकानदार सीसीटीव्हीचा सेट घ्यायला गेला की विक्रेता पहिला प्रश्न विचारतो, "दोन मेगापिक्सेल की पाच?" खरे तर आधी विचारायला हवे ते लेन्सबद्दल.

दहा बाय वीस फुटांचे दुकान घ्या. "सगळं दुकान दिसेल" म्हणून इन्स्टॉलर बहुधा मागच्या कोपऱ्यात २.८ मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा लावतो. दुकान दिसते, पण वीस फुटांवरच्या दारातून आत येणाऱ्या माणसाचा चेहरा २ मेगापिक्सेलच्या चित्रात जेमतेम वीस पिक्सेल रुंद उमटतो. अनोळखी माणूस ओळखायला साधारण चाळीस तरी लागतात. पाच मेगापिक्सेल घेतले तरी आकडा तिशीच्या आसपासच राहतो. त्याच जागी ६ मिलिमीटर लेन्सचा, दाराकडे रोखलेला साधा २ मेगापिक्सेल कॅमेरा पन्नासच्या वर पिक्सेल देतो. म्हणून एक कॅमेरा फक्त दारासाठी आणि एक गल्ल्यासाठी ठेवावा, रुंद लेन्स बाकीच्या दुकानाला पुरे. दाराच्या कॅमेऱ्याला डब्ल्यूडीआर हवेच. नाहीतर दुपारी बाहेरच्या उजेडामुळे गिऱ्हाइकाची नुसती काळी आकृती दिसते.

आता साठवण. बरीच चोरी घडते त्या दिवशी कळत नाही, महिनाअखेरीस माल मोजताना कळते. तोवर चित्रण टिकायला हवे. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा दर सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला सुमारे २२ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी होतात. म्हणजे पॅकेजमधली १ टीबीची हार्डडिस्क अकराव्या-बाराव्या दिवशी भरते आणि डीव्हीआर जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहू लागतो. २ टीबीत तेवीस दिवस निघतात, महिना हवा तर ४ टीबी घ्यावी. वेग निम्मा केला की दिवस दुप्पट होतात, पण हलणारे चेहरे फिसकटतात. हार्डडिस्क सीसीटीव्हीसाठीच बनवलेली घ्यावी. संगणकाची साधी डिस्क अहोरात्र लिहिण्यासाठी नसते.

इन्स्टॉलरची खरी परीक्षा पैसे चुकते करण्याआधीच घ्यावी. डीव्हीआरचा अॅडमिन पासवर्ड मालकाच्या हाती हवा. तो फक्त इन्स्टॉलरकडे असला आणि त्याने फोन उचलणे बंद केले, तर स्वतःचेच चित्रण काढता येत नाही. त्याच्यासमोर कालच्या एका वेळेचे चित्रण शोधून पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे, पडद्यावरचे घड्याळ मोबाइलशी ताडून पाहावे. घड्याळ चुकीचे असेल तर पोलिसांना दिलेल्या चित्रणावर शंका येते. डिस्क बंद पडल्याचा इशारा सुरू आहे का, हेही विचारावे. पडद्यावर चारही चित्रे थेट दिसत असतात आणि डिस्क मात्र बंद असते, असे घडते.

बिलावर कॅमेरा, डीव्हीआर आणि डिस्क यांची मॉडेल व सीरियल नंबरे, वॉरंटीची मुदत आणि बिघाड झाल्यास किती तासांत माणूस येईल हे लिहून घ्या. ते लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याला काम देऊ नका.