शेपटी वर, शेपटी खाली

कुत्र्याची शेपटी हा त्याच्या पाठीच्या कण्याचाच शेवटचा भाग. छोटे छोटे मणके एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि त्यांच्या सर्व बाजूंनी स्नायू असतात. त्यामुळे ती वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळते, प्रसंगी गोलही फिरते. शेपटी हलली म्हणजे कुत्रा खूश आहे, असे सर्रास मानले जाते. हे अर्धेच खरे आहे. हलणारी शेपटी एवढेच सांगते की समोरच्या माणसामुळे किंवा प्राण्यामुळे कुत्रा उत्तेजित झाला आहे. ती उत्तेजना आनंदाची, भीतीची की रागाची, हे शेपटी किती उंच आहे आणि कशी हलते यावरून ओळखायचे असते.

त्याआधी त्या कुत्र्याची शेपटी एरवी कुठे असते हे माहीत हवे. गावठी कुत्र्याची शेपटी बहुधा वर वळलेली असते. पगची पाठीवर घट्ट गुंडाळलेली असते, तर कारवानी किंवा ग्रेहाउंडसारख्या शिकारी कुत्र्यांची मुळातच खाली लोंबते. म्हणून कारवानीची खाली असलेली शेपटी पाहून तो घाबरला आहे असे म्हणता येत नाही. कुत्रा निवांत असताना शेपटी जिथे असते, तिथून ती किती वर गेली किंवा किती खाली आली, तेच पाहायचे.

शेपटी नेहमीपेक्षा वर गेली की कुत्रा सावध झालेला असतो किंवा स्वतःचा दबदबा दाखवत असतो. यामागे वासाचाही भाग आहे. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना गंधग्रंथी असतात. शेपटी उंच झाली की तो भाग मोकळा होतो आणि त्या कुत्र्याची ओळख वासातून इतरांपर्यंत पोहोचते. घाबरलेला कुत्रा नेमके उलटे करतो. तो शेपटी मागच्या पायांत घालतो, वास झाकतो आणि जणू स्वतःला लपवतो. थोडीशी खाली आलेली शेपटी मात्र भीतीचीच असेल असे नाही, कुत्रा दमलेला किंवा साशंकही असू शकतो.

आता हलण्याची पद्धत. घरातले माणूस परत आले की शेपटी मध्यम उंचीवर, ऐसपैस हलते, आणि तिच्याबरोबर कंबरही डुलते. अंगात कुठेही ताठरपणा नसतो. ही खरी मैत्रीची खूण. शेपटी खाली ठेवून छोटे, भरभर झटके देणारा कुत्रा विनवणी करत असतो. त्याला जवळ यायचे असते, पण धास्तीही असते. सर्वांत जास्त फसवते ती उंच, ताठ शेपटी, जिचे फक्त टोक थरथरल्यासारखे वेगाने हलते. फाटकाशी अनोळखी माणूस आल्यावर राखणीचा कुत्रा असा उभा राहिला, वजन पुढच्या पायांवर, तोंड मिटलेले, नजर रोखलेली आणि पाठीवरचे केस उभे, तर त्याच्या शेपटीकडे पाहून हात पुढे करणे धोक्याचे. लहान मुलांना कुत्रे चावतात त्यामागे शेपटीचे हे चुकीचे वाचन हे एक कारण असते.

शेपटी कोणत्या बाजूला जास्त झुकते, यालाही अर्थ आहे. इटलीतील क्वारांता, सिनिस्काल्की आणि वालोर्तिगारा यांनी 2007 साली 30 पाळीव कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्येक कुत्र्याला त्याचा मालक, एक अनोळखी माणूस, एक मांजर आणि एक दांडगट अनोळखी कुत्रा आळीपाळीने दाखवून शेपटीचे चित्रण केले. मालक दिसताच शेपटी कुत्र्याच्या स्वतःच्या उजवीकडे जास्त गेली. दांडग्या कुत्र्यासमोर ती डावीकडे झुकली. शरीराच्या उजव्या बाजूची हालचाल मेंदूचा डावा भाग सांभाळतो आणि जवळ जाण्याच्या ओढीशी त्याचा संबंध आहे. माघार घेण्याशी उजव्या भागाचा संबंध असतो. 2013 मध्ये याच गटाने कुत्र्यांना शेपटी हलवणाऱ्या कुत्र्यांची चित्रफीत दाखवली. डावीकडे झुकणारी शेपटी पाहून बघणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि ते अस्वस्थ झाले. हा फरक इतका बारीक असतो की रस्त्यावर उभ्या माणसाने त्यावर विसंबू नये. उंची, ताठरपणा आणि चेहरा हेच व्यवहारात उपयोगी.

शेपटीच आखूड असेल तर हा संदेश पुसट होतो. कॅनडात यंत्रचलित नकली कुत्रा वापरून प्रयोग झाला. त्याची लांब शेपटी हलत असताना खरे कुत्रे जास्त विश्वासाने जवळ आले, ती स्थिर असताना कमी. आखूड शेपटीत मात्र हलणे आणि न हलणे यांत त्यांना विशेष फरक जाणवला नाही.

खाली आलेल्या शेपटीचे एक कारण मनाचे नसून शरीराचे असते. गार पाण्यात खूप पोहलेल्या किंवा सवय नसताना फार पळवलेल्या कुत्र्याची शेपटी काही वेळा मुळापाशी थोडी आडवी राहते आणि पुढे लुळी लोंबते. ती हलत नाही, आणि मुळाशी हात लावला तर कुत्रा कळवळतो. हा स्नायूंचा त्रास असतो आणि विश्रांतीने बहुधा काही दिवसांत बरा होतो. तसे न झाल्यास, किंवा शेपटीला मार लागल्याची शंका असल्यास, पशुवैद्याकडून मणके तपासून घ्यावे लागतात.