बबल सॉर्ट स्वतः लिहा, पण प्रोग्रॅममध्ये वापरू नका

बबल सॉर्ट एकदा तरी हाताने लिहावा असं माझं मत आहे. पायथनमध्ये तो एवढाच:

```python
def bubble(a):
    n = len(a)
    for i in range(n - 1):
        for j in range(n - 1 - i):
            if a[j] > a[j + 1]:
                a[j], a[j + 1] = a[j + 1], a[j]
```

`[5, 2, 4, 1]` घेऊन कागदावर चालवा. पहिल्या फेरीत 5 प्रत्येक शेजाऱ्याशी जागा बदलत शेवटी जातो: `[2, 4, 1, 5]`. दुसऱ्या फेरीत 4 जागेवर बसतो: `[2, 1, 4, 5]`. तिसरीत 2 आणि 1 ची अदलाबदल, की काम झालं. एकूण तुलना 3 + 2 + 1, म्हणजे 6.

n संख्यांसाठी हाच हिशेब n(n-1)/2 होतो. चार संख्यांना काय फरक पडतो? पण एक लाख नोंदी असतील तर जवळपास 500 कोटी तुलना. सेकंदाला एक कोटी तुलना धरल्या, तरी आठ मिनिटांहून जास्त वेळ! `sort()` ला त्याच कामाला साधारण 17 लाख तुलना पुरतात, आणि त्याही सी भाषेतल्या कोडमध्ये होतात. तुमच्या कोडमध्ये असं काही लपलंय का हे बघायचं तर डेटा दुप्पट करा. वेळ चौपट झाला तर संशय घ्या.

वेग मात्र मला दुय्यम वाटतो. खरी भीती वेगळीच आहे. वरच्या कोडमध्ये `>` ऐवजी `>=` पडलं तर? आकडे तरीही चढत्या क्रमानेच येतात, त्यामुळे साध्या तपासणीत काहीच सापडत नाही. पण समजा वेळेनुसार लावलेल्या नोंदी तुम्ही तापमानानुसार लावताय, आणि 25 अंशाच्या दोन नोंदी आहेत, सकाळची आणि दुपारची. `>=` मुळे त्या शेजारी आल्या की उगाच जागा बदलतात, आणि दुपारची सकाळच्या आधी येऊ शकते. पुढे "या तापमानाची पहिली नोंद" काढलीत की उत्तर चुकलं, आणि एररसुद्धा येणार नाही. तपासायचं असेल तर प्रत्येक नोंदीला आधीच अनुक्रमांक द्या आणि सॉर्टनंतर समान तापमानांचे अनुक्रमांक चढते आहेत का ते बघा.

पायथनचा `sort()` समान नोंदींचा मूळ क्रम टिकवतो, आणि त्याची हमी भाषेनेच दिलेली आहे. त्यामागची पद्धत टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये लिहिली, म्हणून ती टिमसॉर्ट. डेटात आधीच क्रमाने लागलेले तुकडे असतील तर ती ते ओळखून एकमेकांत मिसळते. आपला डेटा बऱ्याचदा तसाच असतो, कारण तो तारखेनुसार साठवलेला असतो.

तरी डोळे मिटून विश्वास ठेवू नका हं. यादीत `nan` असेल तर तिच्याशी केलेली लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना खोटी ठरते. `[3, nan, 1]` ही यादी `sort()` नंतरही तशीच राहते, तक्रार न करता. म्हणून रिकाम्या नोंदी आधी वेगळ्या काढा, मग सॉर्ट करा.