केनियाचं नळकांडं

लाल मातीचा रस्ता, कडेला केळीची झाडं, डाव्या बाजूने चाललेल्या गाड्या आणि इंग्रजी पाट्या. हा केनिया की युगांडा? ‘जिओगेसर’ या खेळात हा प्रश्न हटकून पडतो. २०१३ साली स्वीडनमध्ये जन्मलेल्या या खेळात गुगल स्ट्रीट व्ह्यूचं एखादं चौफेर छायाचित्र समोर येतं आणि आपण कुठे आहोत ते ओळखून नकाशावर खूण करायची असते. खूण खऱ्या जागेच्या जितकी जवळ, तितके गुण जास्त.

बाकीचे देश ओळखताना सूर्य मदतीला येतो. भर दुपारी तो उत्तरेकडे दिसला तर आपण बहुधा दक्षिण गोलार्धात आहोत, हा ढोबळ नियम. पण विषुववृत्त केनियातूनही जातं आणि युगांडातूनही. तिथे दुपारचा सूर्य काही महिने उत्तरेला असतो, काही महिने दक्षिणेला. गाड्यांच्या नंबरप्लेट धूसर केलेल्या असतात. अशा वेळी मुरलेला खेळाडू निसर्ग बघतच बसत नाही, सरळ खाली मान घालतो आणि ज्या गाडीवरून फोटो काढला त्या गाडीकडे बघतो. पुढच्या काचेशेजारून बॉनेटच्या बाजूने वर आलेलं काळं नळकांडं दिसलं, की तो केनियावर खूण करून मोकळा होतो.

हे नळकांडं म्हणजे स्नॉर्कल. इंजिनाला लागणारी हवा बॉनेटखालून घेण्याऐवजी छताच्या उंचीवरून घेण्याची ही सोय. ओढ्यात गाडी घातली तर इंजिनात पाणी जात नाही, शिवाय कच्च्या रस्त्यावर खालची दाट धूळही कमी ओढली जाते. केनियात चित्रीकरणासाठी वापरलेल्या गाडीला ते होतं, म्हणून तिथल्या बहुतेक चित्रांत ते उमटलं. युगांडातल्या गाडीला ते नव्हतं. केनियाच्या भूगोलाशी त्याचा संबंध आहे तो एवढाच.

मुळात गाडी चित्रात दिसतेच कशी? कॅमेरा छतावरच्या खांबावर असतो. त्याची अनेक भिंगं चहूकडचे फोटो घेतात आणि संगणक ते एकमेकांना जोडतो. खाली गाडीचं छत येतं, तेवढा भाग धूसर करून झाकला जातो. पण हे झाकण गाडीच्या अंदाजाने बसवलेलं असतं. त्याच्या बाहेर डोकावणारं कॅरियर, आरसा, अँटेना किंवा स्नॉर्कल तसंच राहून जातं. त्यातच एक गंमत होते. दूरचं घर शेजारच्या दोन भिंगांना जवळपास एकाच जागी दिसतं, पण हाताच्या अंतरावरची अँटेना दोघांना वेगवेगळ्या जागी दिसते. त्यामुळे जोडावर ती मधेच तुटते, सरकते, कधी नुसता हवेत तरंगणारा तुकडा उरतो. असा तुकडा दिसला तर तो रस्त्यावरचा खांब समजू नये. पुढच्या चित्रावर गेलं की खांब मागे पडतो, अँटेना मात्र आपल्याबरोबर येते.

अशा खुणांना खेळाडू ‘मेटा’ म्हणतात. घानातल्या गाडीच्या कॅरियरच्या एका दांडीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. कुणीतरी घाईत केलेली ती डागडुजी आता जगभरच्या पोरांना पाठ आहे. मंगोलियात छतावर मुक्कामाचं सामान बांधलेलं दिसतं. नायजेरियात बऱ्याचदा मागून एक सोबतीची गाडी येत असते. ही लबाडी आहे, असं काही जुन्या खेळाडूंना वाटतं. मला तसं वाटत नाही, पण नळकांडं बघून दोन सेकंदांत पुढे जाणाऱ्याने केनिया पाहिला असंही म्हणवत नाही.

सगळ्या खुणा सारख्या भरवशाच्या नसतात. रशियातल्या कितीतरी चित्रांत लांब अँटेना दिसते, पण अँटेना इतर देशांतल्या गाड्यांनाही असते. तिच्यावरून नुसता संशय घ्यावा, मग अक्षरं सिरिलिक आहेत का ते बघावं. स्नॉर्कल त्यापेक्षा दुर्मीळ, म्हणून जास्त बोलकं. तरी मंगोलियातही ते आढळतं. तिथे झाडाविना पसरलेलं गवत पाहून गोंधळ लगेच मिटतो.

उलट बाजूही लक्षात ठेवावी लागते. नळकांडं नाही म्हणून केनिया नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. रस्त्याचं नव्याने चित्रीकरण झालं की गाडी बदलू शकते. शिवाय लोकांनी स्वतः चढवलेल्या चौफेर फोटोंत गुगलची गाडीच नसते. मग दुकानांकडे वळायचं. हिरव्या रंगाने रंगवलेलं एम-पेसाचं दुकान केनियाच्या बाजूने साक्ष देतं. पाटीवरचा फोन नंबर +254 ने सुरू होत असेल तर केनिया, +256 असेल तर युगांडा. पण गावातल्या दुकानदाराने नुसता शून्यापासूनचा नंबर लिहिला असेल तर पुढची पाटी शोधत रस्त्याने चालत राहावं लागतं.