पापडाच्या ऑर्डरची यादी ग्रुपवर फिरते, तेव्हा गिऱ्हाईकाचा नंबर कुठे कुठे जातो?

उन्हाळा लागला की गावोगावचे बचत गट आणि घरगुती धंदा करणाऱ्या ताया व्हॉट्सअ‍ॅपवर वाळवणाच्या ऑर्डरी घेतात. पापड, कुरडई, सांडगे, शेवया, मसाला. पद्धत बहुतेक ठिकाणी एकच. ग्रुपवर मेसेज पडतो, “ज्यांना हवंय त्यांनी खाली आपलं नाव, पत्ता, मोबाईल नंबर आणि किती किलो ते लिहून यादी पुढे पाठवा.” पहिली बाई आपलं नाव टाकते. दुसरी तोच मेसेज कॉपी करून खाली आपलं नाव जोडते. संध्याकाळपर्यंत चाळीस नावांची यादी तयार होते.

काम सोपं होतं, यात वाद नाही. पण या यादीत चाळीस घरांचे पत्ते आणि नंबर एकाच मेसेजमध्ये असतात आणि तो पुढे ढकलायला एक बोट पुरतं. या माहितीचं पुढे काय होऊ शकतं आणि विकणाऱ्याने काय करायचं, ते एका उदाहरणातून पाहू.

समजा असं घडलं

एका ताईच्या ग्रुपमध्ये 180 जण आहेत. गिऱ्हाईकं, त्यांचे नातेवाईक, लिंकवरून आलेले ओळखीचे-अनोळखी सगळे. यादीत 23 नंबरला एका गिऱ्हाईकाने लिहिलंय, “2 किलो उडीद पापड, 1 किलो कुरडई, मारुती मंदिरामागे, निळं गेट. दुपारी 12 ते 4 मी घरी असते, मालक कामावर असतात.” सोबत मोबाईल नंबर.

चार दिवसांनी तिला फोन येतो. “ताई, तुमचं पापड-कुरडईचं पार्सल गाडीत आहे. मंदिरामागचं निळं गेट ना? गाडीभाडं 80 रुपये आधी टाकावं लागेल, लिंक पाठवतो.” बोलणाऱ्याला तिचं नाव, माल आणि गेटचा रंगसुद्धा माहीत आहे. मग संशय कसा येणार? ती लिंक उघडते, पिन टाकते आणि खात्यातून 80 ऐवजी 8,000 जातात.

इथे कुणी फोन हॅक केला नाही. सगळी माहिती यादीत आयती होती. पैशाची फसवणूक हा एक धोका झाला. “दुपारी मी घरी असते, मालक कामावर असतात” हे वाक्य त्याहून जास्त धोक्याचं आहे. बाई कधी एकटी असते किंवा घर कधी बंद असतं, हे 180 लोकांना कळायची काही गरज नव्हती.

मेसेज डिलीट केला तरी यादी राहते

अनेकांना वाटतं, शेवटी यादी ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केली की झालं. पण प्रत्येक बाईने यादी कॉपी करून नवा मेसेज टाकलेला असतो. म्हणजे ग्रुपमध्ये यादी एक नाही, चाळीस आहेत. शेवटची काढली तरी 39 नावांची तिच्या वर शिल्लक असतेच. ग्रुप अ‍ॅडमिनला इतरांचे मेसेजही काढता येतात, पण साधारण दोन दिवसांच्या आतले. आणि तोवर कुणी स्क्रीनशॉट घेतला किंवा यादी दुसऱ्या ग्रुपवर पाठवली असेल, तर ती परत आणता येत नाही.

यादी नसली तरी साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक मेंबरला बाकीच्यांचे नंबर दिसतात. ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज करू शकतील’ असं सेटिंग लावलं, तरी त्याने बोलणं बंद होतं, नंबर लपत नाहीत.

मग ऑर्डर घ्यायची कशी?

ग्रुपवर फक्त मालाची माहिती आणि भाव टाका. त्याखाली स्पष्ट लिहा, “ऑर्डर माझ्या नंबरवर वेगळी पाठवा, ग्रुपवर पत्ता टाकू नका.” तरीही कुणी टाकलाच, तर अ‍ॅडमिन म्हणून तो मेसेज लगेच काढा आणि त्या बाईला खासगीत कळवा.

याहून चांगला मार्ग म्हणजे ब्रॉडकास्ट लिस्ट. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ब्रॉडकास्टचा पर्याय असतो. एका लिस्टमध्ये 256 नंबर बसतात. तुम्ही एकदा मेसेज पाठवला की तो प्रत्येकाला वेगळा जातो, एकाला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही आणि उत्तर फक्त तुमच्याकडे येतं. अट एकच, गिऱ्हाईकाने तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा, नाहीतर मेसेज पोहोचत नाही. म्हणून माल देतानाच सांगा, “माझा नंबर सेव्ह करा, म्हणजे पुढचे भाव कळतील.”

ऑर्डर आली की ती एका वहीत उतरवा आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला ऑर्डर नंबर द्या. नाव, पत्ता, मोबाईल वहीत. वही घरात, कपाटात. यापुढे बाहेर फक्त ऑर्डर नंबर फिरेल.

पोचवणाऱ्या पोराला किती माहिती द्यायची?

बहुतेक ठिकाणी माल पोचवायला पुतण्या, शेजारचा पोरगा किंवा रिक्षावाला असतो. आपण त्याला पूर्ण यादीचा फोटो पाठवून देतो. तो फोटो त्याच्या गॅलरीत वर्षभर पडून राहतो. गॅलरीचा बॅकअप चालू असेल तर इंटरनेटवरही जातो. फोन दुरुस्तीला दिला, विकला, मित्राने हातात घेतला, तर यादी तिथेही पोचते. पोराच्या मनात काही वाईट असायचीही गरज नाही.

त्याला लागतं तेवढंच द्या. आज पाच घरं असतील तर पाच चिठ्ठ्या. चिठ्ठीवर ऑर्डर नंबर, नाव, घराची खूण आणि किती पैसे घ्यायचे. गिऱ्हाईकाचा मोबाईल नंबर नाही. घर सापडलं नाही तर पोराने तुम्हाला फोन करायचा, तुम्ही गिऱ्हाईकाला करायचा. संध्याकाळी पैशांबरोबर चिठ्ठ्या परत घ्या आणि फाडून टाका.

रेंज नसलेल्या वाडीवस्तीवर हे जमत नाही, तिथे पोराला गिऱ्हाईकाशी थेट बोलावं लागतं. अशा वेळी धंद्यासाठी एक जुना साधा फोन आणि वेगळं सिम ठेवा. पोराने त्यावरूनच फोन करायचा आणि संध्याकाळी फोन जमा करायचा. नंबर त्याच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये उतरत नाहीत. कुरिअर किंवा एसटी पार्सलवर मात्र नंबर लिहावाच लागतो, तिथे पर्याय नाही.

मदतनीस तुमचं व्हॉट्सअ‍ॅप कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या फोनवर जोडून ऑर्डरी बघत असेल, तर तो काम सोडेल त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपमधलं Linked devices उघडा आणि त्याचं यंत्र लॉग आउट करा. हे राहिलं, तर घरी बसून तो तुमचे नवे मेसेजही वाचू शकतो.

स्टेटसवरचा फोटो मोठा करून बघा

“आज 40 पार्सल रवाना!” म्हणून पार्सलच्या ढिगाचा फोटो स्टेटसला ठेवायची सवय सगळ्यांनाच आहे. तो फोटो बोटांनी मोठा केला की वरच्या चार-पाच पार्सलवरचे पत्ते आणि नंबर स्वच्छ वाचता येतात. चिठ्ठीची बाजू खाली करूनच फोटो काढा. गिऱ्हाईकाने केलेलं कौतुक स्क्रीनशॉट काढून टाकतानाही वरची नाव-नंबरची पट्टी कापा. पैसे आल्याच्या स्क्रीनशॉटमध्ये यूपीआय आयडी असतो आणि पुष्कळदा त्यात मोबाईल नंबरच असतो.

माहिती फुटली, हे कसं ओळखायचं?

दोन-तीन गिऱ्हाईकांनी एकाच आठवड्यात “तुमच्या पार्सलसाठी फोन आला होता” असं सांगितलं, तर तो योगायोग समजू नका. त्यांना एकच विचारा, बोलणाऱ्याला नेमकं काय काय माहीत होतं?

वरची पद्धत पाळली असेल तर या उत्तरातून दिशा कळते. चिठ्ठीवर मोबाईल नंबर नव्हता, त्यामुळे फोन करणाऱ्याकडे नंबर आणि मालाचं नाव दोन्ही असेल, तर माहिती चिठ्ठीतून गेलेली नसावी. मग वही, तुमचा फोन, जोडलेली यंत्रं किंवा पार्सलची चिठ्ठी तपासा. फक्त नंबर माहीत असेल आणि माल माहीत नसेल, तर जुन्या ग्रुपची मेंबर यादी आठवा. यातून अंदाज येतो, पुरावा मिळत नाही. तेवढ्यावरून पोरावर आळ घेऊ नका.

माहिती फुटल्याचं कळलं की त्याच दिवशी सगळ्या गिऱ्हाईकांना ब्रॉडकास्टवर कळवा, “आमच्या नावाने भाडं मागणारा फोन आला तर पैसे देऊ नका. आम्ही पैसे माल हातात दिल्यावरच घेतो.” लाज वाटून गप्प बसलात, तर पुढची बाई फसते. ग्रुपची लिंक बाहेर फिरत असेल तर ग्रुपच्या माहितीत जाऊन ती Reset link करून बदला, जुनी लिंक बंद पडते.

कुणाचे पैसे गेले असतील तर 1930 या नंबरवर लगेच फोन करायला सांगा, किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. नंबर मिळवून कुणी एखाद्या बाईला तिची इच्छा नसताना पुन्हा पुन्हा फोन-मेसेज करत असेल, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलाग करण्याचा गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.

दुसऱ्या दुकानदाराने यादी मागितली तर?

“ताई, तुमच्या गिऱ्हाईकांचे नंबर द्या ना, साड्यांचा सेल लावलाय.” ओळखीत नाही म्हणणं जड जातं. पण गिऱ्हाईकाने नंबर पापडासाठी दिला होता, साडीसाठी नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे. मोबाईल-कॉम्प्युटरवरची माहिती ज्या कामासाठी घेतली, त्याच कामासाठी वापरायची. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

साडीवाल्या भाऊंना सांगा, “तुमचं कार्ड द्या, विचारेल त्याला मी तुमचा नंबर देते.” यादी द्यावी लागत नाही आणि संबंधही बिघडत नाहीत.

हंगाम संपला की जुन्या चॅटमधले पत्ते काढून टाका. पुढच्या वर्षी लागणारी नावं-नंबर वहीत ठेवा आणि घरी कोण कधी असतं, अशा नोंदी खोडा. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा विचारलं की गिऱ्हाईक सांगतंच.