एक ‘मामा से’, सहा मराठी मामा

उज्जैनच्या माधव नगरात मराठी घर ओळखायची सोपी खूण म्हणजे उंबरठा: आत मराठी, बाहेर हिंदी. शिंद्यांची राजधानी १८१०मध्ये इथून ग्वाल्हेरला गेली, मराठी घरं मात्र माळव्यात राहिली. पोरं दिवसभर हा उंबरठा ओलांडत असतात आणि अडखळतात ती ‘से’पाशी.

हिंदीत मामाशी काहीही करा, ‘मामा से’ म्हटलं की भागतं. मराठीत तसं नाही. आपण मामाशी बोलतो, पण मामाला विचारतो. पैसे मामाकडे मागतो आणि मिळाले तर मामाकडून घेतो, म्हणजे हात जाताना एक प्रत्यय, परत येताना दुसरा! फुटलेली बरणी मामापासून लपवतो आणि एक दिवस मामापेक्षा उंच होतो. म्हणून ‘मामा से पूछा’ मनात ठेवून कोणी ‘मामाशी विचारलं’ म्हणालं, की पुण्याची मावशी लगेच कान टवकारते.

गावाच्या नावाला ‘से’ लागला की आणखी गंमत आहे. ‘इंदूरहून आलो’ म्हणजे निघालो तिथून. ‘इंदूरपासून पाऊस लागला’ म्हणजे इंदूर आल्यावर सुरू झाला आणि पुढे सोबत राहिला. ‘हून’ला फक्त निघण्याचं ठिकाण पुरतं, ‘पासून’ला पुढचा प्रवासही लागतो. म्हणूनच आपण ‘कालपासून ताप आहे’ म्हणतो. ‘कालहून’ कोणी म्हणत नाही.

आता ही जोडी पाहा: ‘आजी घरी आहे’, ‘मांजर घरात आहे’. आजी अंगणात पापड वाळत घालत असली तरी पहिलं वाक्य खरंच. मांजर अंगणात गेलं की दुसरं खोटं. हिंदी इथे ‘घर पर’ आणि ‘घर में’ म्हणते. पण मराठीतली ही छोटीशी ‘ई’ ठरावीक शब्दांनाच चिकटते: गावी, दारी, सकाळी, रविवारी. दवाखान्यातच जावं लागतं, ‘दवाखानी’ जाता येत नाही.

सगळ्यात फसवा ‘ने’, कारण तो दोन्हीकडे आहे. ‘उसने चाकू से आम काटा’ या वाक्यात हिंदी कापणारा आणि चाकू वेगळे ठेवते. मराठी दोघांना एकच प्रत्यय देते: ‘त्याने चाकूने आंबा कापला’. मी आणि तू आलो की मात्र कापणाऱ्याचा ‘ने’ गळतो. ‘मैंने काटा’, पण ‘मी कापला’. त्यामुळे पोर ‘मीने कापला’ म्हणालं, तर त्यामागे ‘मैंने’ आहे हे ओळखावं. रागावू नये, ते बिचारं नियमानेच चुकतंय.

आता घरात एकदा विचारून पाहा: ‘मैंने मामा से चाकू से आम कटवाया’ याचं मराठी काय? ‘मी मामाकडून चाकूने आंबा कापून घेतला’ असं ज्याला एका दमात आलं, आंबा त्याचा.