शुगर नॉर्मल, तरी तहान भागेना : नावाने सारखे, मुळात वेगळे दोन डायबिटिस

खराडीत माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा आहे. गेल्या वर्षी तो दोन लिटरची बाटली आणायचा, मधल्या सुट्टीआधीच ती रिकामी व्हायची आणि प्रत्येक तासाला ‘मॅडम, जाऊन येऊ?’ ठरलेलं. मला वाटायचं, गणित टाळतोय. एक-दोनदा मी त्याला रागावून बसवूनही ठेवलं. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

त्याची अम्मी भेटायला आली तेव्हा कळलं की रात्रीही तो चार-पाच वेळा उठतो, फ्रीजमधलं बर्फासारखं पाणीच मागतो, आणि इतक्या वर्षांनी पुन्हा अंथरूण ओलं व्हायला लागलंय. घरात आजीला शुगर आहे, म्हणून सगळ्यांना आधी तीच शंका आली. रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर ८६. लघवीतही साखर नाही. ‘शुगर नाही’ म्हटल्यावर घरच्यांनी सुटकेचा श्वास घेतला आणि खालाने सल्ला दिला, ‘सवय लागलीय त्याला, पाणी कमी द्या.’

या आजारात नेमका हाच सल्ला घातक असतो.

डायबिटिस हा शब्द मूळ ग्रीक. अर्थ साधारण ‘आरपार वाहून जाणे’. म्हणजे भरपूर लघवी होणारा कुठलाही आजार. त्यातला मेलिटस म्हणजे मधासारखा गोड, आणि इन्सिपिडस म्हणजे बेचव. जुन्या काळी वैद्य-हकीम लघवीच्या चवीवरून, मुंग्या लागतात का यावरून ओळखायचे. आयुर्वेदातही मधुमेहाशेजारी ‘उदकमेह’ आहे, पाण्यासारख्या लघवीचा. तहान आणि लघवी या दोन लक्षणांपुरतेच हे दोन आजार भाऊभाऊ. मूळ कारण पूर्ण वेगळं.

मधुमेहात रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत घेता येत नाही. उरलेली साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान. इन्सिपिडसमध्ये साखरेचा संबंधच नाही, बिघाड पाण्याच्या नळाचा आहे.

आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा लगेच परत रक्तात जातो. शेवटच्या टप्प्यावर किती पाणी वाचवायचं हे मेंदू ठरवतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तो अँटिडाययुरेटिक हॉर्मोन (थोडक्यात एडीएच) बनवतो आणि ते देठासारख्या भागातून खाली, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत साठतं. अंगातलं पाणी जरा कमी झालं, रक्त किंचित दाट झालं, की ते रक्तात सुटतं आणि मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळ्यांमध्ये पाण्याच्या बारीक खिडक्या उघडतं. पाणी आत परत येतं, लघवी कमी आणि पिवळी होते. सकाळची पहिली लघवी गडद असते ती याच कामामुळे.

हॉर्मोनच नसेल तर खिडक्या बंद राहतात. अंगाला पाण्याची कितीही गरज असो, लघवी नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ वाहत राहते. मग माणूस जगतो तो फक्त तहानेच्या जोरावर. जेवढं जातं तेवढं पितो. म्हणून पाणी पिणं ही त्याची सवय नसते, तो त्याचा बचाव असतो.

आमच्या मुलाचा रिपोर्ट शेवटी एका फिजिशियनने नीट वाचला. साध्या लघवीच्या तपासणीत ‘स्पेसिफिक ग्रॅव्हिटी’ अशी एक ओळ असते, सहसा कुणी बघत नाही. त्याची होती १.००२, जवळजवळ निव्वळ पाणी. दिवसभराची लघवी मोजायला लावली, ती भरली सात लिटर. मुलाचं वजन तीस किलो! रक्तातलं सोडियम १४७, म्हणजे वरच्या मर्यादेच्या थोडं पुढे. केवळ सवयीने जास्त पाणी पिणाऱ्याचं सोडियम खालच्या बाजूला झुकतं, इथे उलट होतं.

मग हॉस्पिटलमध्ये पाणी बंद ठेवून चाचणी झाली. दर तासाला वजन, लघवी, रक्त. तासाला तीनशे मिलिलिटर जात होती, त्यामुळे साडेतीन तासांत वजन एक किलोने उतरलं आणि डॉक्टरांनी तिथेच थांबवलं. एवढी तहान लागूनही लघवीचा दाटपणा १२० वर अडकलेला. निरोगी माणसाचा अशा वेळी ८००च्या आसपास जातो. त्यानंतर डेस्मोप्रेसिन, म्हणजे एडीएचसारखं कृत्रिम औषध दिलं आणि थोड्या वेळात आकडा ४८० झाला. म्हणजे मूत्रपिंड ऐकतंय, हुकूम देणाराच गप्प आहे. औषध देऊनही आकडा हलला नसता, तर दोष मूत्रपिंडात. तो काहींना जन्मतः असतो, काहींना मानसिक आजारावर वर्षानुवर्षं लिथियम घेतल्याने होतो, आणि त्यावर उपचार वेगळे.

ही चाचणी घरी करून बघू नका. पाणी तोडलं तर काही तासांत सोडियम चढतं, मूल सुस्त होतं, झटके येऊ शकतात.

हॉर्मोन का थांबलं, हे शोधायला एमआरआय लागतो. डोक्याला मार, मेंदूची शस्त्रक्रिया, गाठ अशी कारणं असतात, काही वेळा कारण सापडतच नाही. याच्या एमआरआयमध्ये पिट्युटरीच्या मागच्या भागातला नेहमीचा चमकदार ठिपका नव्हता आणि देठ थोडा जाड होता. गाठ दिसली नाही, पण पुढे दिसू शकते, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय करायचा आहे. मुलांमध्ये हे चुकवायचं नसतं.

आता तो डेस्मोप्रेसिनची गोळी घेतो. इन्सुलिन नाही, साखर-भात बंद नाही. रात्री सलग झोपतो. पण गोळीलाही एक धोका आहे. खिडक्या उघड्या असताना जुन्या सवयीने बाटल्या रिचवल्या तर पाणी अंगात साठतं आणि सोडियम पडतं. डोकेदुखी, उलट्या, गुंगी, मग झटके. डॉक्टरांनी अम्मीला सांगितलं, तहान लागेल तेवढंच पाणी द्या, आणि पुढची गोळी द्यायच्या आधी पातळ, भरपूर लघवी पुन्हा सुरू झालीय ना ते बघा.

रमजानमध्ये त्याला रोजा ठेवायचाच होता, मित्रांनी ठेवला होता ना! डॉक्टर ठामपणे नाही म्हणाले. मधुमेही माणसाच्या बाबतीत डॉक्टर औषधाच्या वेळा बदलून काही वेळा परवानगी देतात. इथे गोळीचा असर दुपारी उतरला आणि मगरिबपर्यंत पाणी नाही, तर रक्त झपाट्याने दाट होतं. आजाऱ्याला दीनमध्ये सवलत आहेच. अम्मीने त्याला इफ्तारचं दस्तरखान मांडायचं काम दिलं, तो खूश.

नावातल्या गोंधळाने जीवही गेले आहेत. २००९ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात २२ वर्षांचा एक तरुण दाखल होता. त्याला डेस्मोप्रेसिन मिळालं नाही, पाण्यासाठी त्याने शेवटी पोलिसांना फोन केला, आणि तो पाण्यावाचून गेला. ‘डायबिटिस’ शब्द ऐकला की कर्मचारी साखर मोजतात, ती नॉर्मल निघते आणि विषय संपतो. म्हणून २०२२ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञ संघटनांनी नाव बदलायचं सुचवलं. हॉर्मोन कमी असेल तर ‘व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी’, मूत्रपिंड ऐकत नसेल तर ‘व्हॅसोप्रेसिन रेझिस्टन्स’. व्हॅसोप्रेसिन हे एडीएचचंच दुसरं नाव.

आमच्या मुलाच्या दप्तरात आता एक कार्ड असतं. त्यावर नवं आणि जुनं दोन्ही नावं, आणि खाली अम्मीच्या हस्ताक्षरात तीन ओळी : याला शुगर नाही. पाणी तोडू नका. उलट्या झाल्या किंवा बेशुद्ध पडला तर गोळीबद्दल आधी डॉक्टरांना सांगा.