डिस्क अर्धी रिकामी, तरी नवी फाइल बनत नाही

वेबसाइट काल रात्रीपर्यंत नीट चालत होती. सकाळी ग्राहकांना लॉगिन होत नाही, फोटो अपलोड होत नाहीत. सर्व्हरवर पाहावं तर एकच तक्रार पुन्हा पुन्हा उमटलेली असते: `No space left on device`, म्हणजे डिस्कवर जागा नाही. पण `df -h` ही कमांड देऊन जागा मोजली, तर चाळीस जीबीच्या डिस्कवर निम्मी मोकळी दिसते. यात खोटं कोणीच बोलत नाही. लिनक्सच्या डिस्कवर दोन गोष्टी संपू शकतात आणि त्या दोन्हींसाठी संदेश एकच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे जागा. ती ब्लॉकमध्ये मोजतात आणि एक ब्लॉक साधारण चार केबीचा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे आयनोड. फाइल कोणाच्या मालकीची, केवढी, कधी बदललेली, कोणाला वाचायची मुभा, तिचा मजकूर कोणत्या ब्लॉकमध्ये आहे, ही सगळी माहिती आयनोडमध्ये असते. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतोच. फाइल चार जीबीचा सिनेमा असो की एक अक्षरही नसलेली रिकामी फाइल असो, आयनोड एकच. गावात मोकळी जमीन भरपूर असावी, पण तलाठ्याच्या दप्तरात नवी नोंद करायला ओळच उरू नये, तशी ही स्थिती.

लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ext4 या फाइल व्यवस्थेत आयनोडची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते. नेहमीचा हिशेब दर सोळा केबी जागेमागे एक आयनोड असा असतो. म्हणजे चाळीस जीबीच्या डिस्कवर बरोबर २६,२१,४४० आयनोड. फाइल सरासरी सोळा केबीपेक्षा मोठ्या असतील तर जागा आधी संपते, आणि बहुतेक सर्व्हरवर तसंच घडतं. मात्र लाखो चिमुकल्या फाइल साठू लागल्या की आयनोड आधी संपतात. ext4 जागेपैकी पाच टक्के ब्लॉक रूट या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, आयनोडच्या बाबतीत मात्र अशी सोय नाही. त्यामुळे ते संपले की रूटलाही नवी फाइल करता येत नाही.

इतक्या फाइल येतात कुठून, हे पाहायला एक नमुना घेऊ. पीएचपीमध्ये लिहिलेली दुकानाची वेबसाइट, उबुंटू सर्व्हर आणि वर सांगितलेली चाळीस जीबीची डिस्क. ग्राहक साइटवर आला की पीएचपी त्याच्या नावे एक सेशन उघडते. `sess_` ने सुरू होणारी एक छोटी फाइल बनते आणि तिचा क्रमांक ग्राहकाच्या ब्राउझरला कुकी म्हणून दिला जातो. पुढच्या क्लिकला ब्राउझर ती कुकी दाखवतो, मग तीच फाइल पुन्हा वापरली जाते. हे ब्राउझरच्या बाबतीत ठीक. पण सर्व्हर जिवंत आहे का, हे पाहणारा निगराणीचा प्रोग्रॅम दर पाच सेकंदांनी पहिलं पान मागतो आणि मिळालेली कुकी टाकून देतो. सर्व्हरच्या लेखी तो दर वेळी नवा पाहुणा. दिवसाला १७,२८० नव्या फाइल! यंत्रणेच्या स्वतःच्या दोनेक लाख फाइल वजा केल्या, तर उरलेले आयनोड सुमारे १४० दिवसांत संपतात. त्या सगळ्या फाइलमध्ये प्रत्येकी काही बाइट मजकूर असला तरी दर फाइलमागे एक ब्लॉक धरून नऊ-साडेनऊ जीबीच जागा जाते. म्हणूनच जागेच्या आकड्याकडे पाहून कोणाला शंका येत नाही.

जुनी सेशन झाडून काढण्याची सोय पीएचपीत आहे. सेशनचं नेहमीचं आयुष्य १,४४० सेकंद, म्हणजे चोवीस मिनिटं. पण डेबियन आणि उबुंटूवर पीएचपीची ही अंगची झाडलोट मुद्दाम बंद ठेवलेली असते. तिथे `/var/lib/php/sessions` या फोल्डरमधल्या फाइलींची यादी वेबसाइटला वाचता येत नाही, म्हणजे एका साइटला दुसरीच्या ग्राहकांचे सेशन क्रमांक कळत नाहीत. त्याऐवजी यंत्रणेचं एक वेगळं काम दर अर्ध्या तासाने येऊन तो फोल्डर साफ करतं. कोणता फोल्डर साफ करायचा, हे ते `php.ini` या मांडणीच्या फाइलीतून वाचतं. आपल्या नमुन्यात साइट लिहिणाऱ्याने सेशनचा फोल्डर बदलून स्वतःचा नेमला, आणि तोही साइटच्या कोडमध्ये. झाडणाऱ्याला त्या फोल्डरचा पत्ताच नाही, आणि पीएचपी स्वतः झाडत नाही. दोघांच्या मधे हे काम पडून राहिलं.

आयनोड संपल्याची एक खूण आहे. आधीपासून असलेल्या लॉग फाइलीत नव्या ओळी पडत राहतात, पण `touch` ने साधी रिकामी फाइलही बनत नाही. खात्री एका कमांडने होते:

```
$ df -i /
Filesystem  Inodes  IUsed   IFree IUse% Mounted on
/dev/sda1   2621440 2621440     0  100% /
```

मग फाइलींचा ढीग कुठे आहे, ते शोधायचं. यासाठी प्रत्येक फोल्डरमधल्या आयनोडची मोजणी मागता येते:

```
du --inodes -xS / | sort -n | tail
```

शेवटच्या ओळीत चोवीस लाखांचा आकडा आणि त्यापुढे सेशनच्या फोल्डरचं नाव दिसतं. तिथे नुसतं `ls` दिलं तर ते सगळी नावं गोळा करून क्रम लावत बसतं आणि पडदा गोठल्यासारखा वाटतो. `rm sess_*` दिलं तर `Argument list too long` असं उत्तर येतं, कारण लाखो नावं एका कमांडला एकदम देता येत नाहीत. `find` मात्र फाइल सापडेल तशी पुसत जातं:

```
find /srv/shop/sessions -name 'sess_*' -mmin +1440 -delete
```

इथला १४४० हा आकडा मिनिटांचा आहे. एक दिवसाहून जुन्या फाइल जातात आणि आत्ता खरेदी करत असलेल्या ग्राहकांचं लॉगिन टिकतं. पुसायला बराच वेळ लागतो, पण पहिले काही आयनोड मोकळे होताच साइट चालू होते. फोल्डर रिकामा झाला तरी त्याची स्वतःची यादी ext4 वर आक्रसत नाही. ती शंभर एमबीच्या आसपास फुगलेलीच राहते, म्हणून सवडीने नवा फोल्डर करून जुना काढून टाकावा.

डिस्क मोठी करणं हा इथे उपाय नव्हे. चाळीसची ऐंशी जीबी केली तर आयनोडही दुप्पट होतात, पण त्याच वेगाने आणखी दीडशे दिवसांत तेही भरतात. XFS सारखी व्यवस्था आयनोड लागतील तसे बनवते. तिथे ही भिंत लांब जाते, फाइल मात्र साठतच राहतात. खरी दुरुस्ती दोन ठिकाणी करायची: निगराणीसाठी सेशन न उघडणारं वेगळं पान द्यायचं, आणि नेमलेल्या फोल्डरची झाडलोट वेळापत्रकात घालायची.

यापुढे जागेबरोबर `IUsed` चा आकडाही रोज टिपून ठेवावा. त्याची वाढच बहुधा दोषी दाखवते. ग्राहकांमुळे होणारी वाढ सणाला चढते आणि रात्री मंदावते. यंत्राची वाढ रात्रंदिवस एकसारखी असते. रोज १७,२८० ची भर पडत असेल, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांना त्या आकड्याने भागावं. उत्तर पाच येतं. मग दर पाच सेकंदांनी काय चालतं, एवढंच शोधायचं उरतं.